१५० एएचची नवी बॅटरी, लिस्टिंगमध्ये ८ तास आणि घरात जेमतेम दीड तास: गडबड कुठे आहे ते कसं शोधायचं

हा प्रश्न सारखा येतो, शब्द थोडे वेगळे असतात पण गोष्ट एकच, की नवीन इन्व्हर्टर बॅटरी घेतली, १५० एएच ट्यूब्युलर, लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं ८ तास बॅकअप, आणि घरी लाईट गेली की दीड-दोन तासांत इन्व्हर्टर ओरडायला लागतो. मग लोक म्हणतात बॅटरी डुप्लिकेट आली, कुणी म्हणतं इन्व्हर्टर खराब, कुणी थेट रिप्लेसमेंट मागायला जातं आणि तिकडून "बॅटरी ओके आहे" असा शेरा मारून परत पाठवतात. माझ्याकडे हे सगळं घडून गेलंय, म्हणून मी काय काय तपासलं ते नीट सांगते, कारण माझ्या केसमध्ये एक नाही तर दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय काहीच कळत नव्हतं.

माझी परिस्थिती अशी होती. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर, जुना, चांगला चालणारा. त्याच्यावर आधी सीलबंद बॅटरी होती, पाणी न घालायची. ती संपली म्हणून १५० एएचची उंच ट्यूब्युलर घेतली. लिस्टिंगमध्ये मोठ्या अक्षरात "८ तासांपर्यंत बॅकअप, ६० महिने वॉरंटी, कमी मेंटेनन्स". लोड म्हणजे तीन पंखे, पाच एलईडी बल्ब, टीव्ही आणि राउटर. पहिल्या आठवड्यात दीड तास मिळाला, चौथ्या आठवड्यात १ तास २० मिनिटं. नव्या ट्यूब्युलरला पूर्ण क्षमतेला यायला काही चार्ज-डिस्चार्ज लागतात हे खरं आहे, पण मग बॅकअप हळूहळू वाढायला पाहिजे, माझा तर कमी होत होता.

आधी ते ८ तास कुठून येतात ते बघू, कारण अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच सुटतो.

बॅटरी १२ व्होल्टची, १५० एएच म्हणजे अँपिअर-अवर, गुणाकार केला की १८०० वॉट-अवर. तीन साधे पंखे ७५ वॉटचे धरले तर २२५ वॉट. १८०० भागिले २२५ म्हणजे बरोबर ८. झालं, एवढंच गणित असतं बऱ्याच लिस्टिंगमध्ये, आणि ह्या गणितात दोन गोष्टी धरलेल्याच नाहीत. पहिली म्हणजे इन्व्हर्टर १२ व्होल्ट डीसीचं २३० व्होल्ट एसी करताना स्वतः खातो. घरगुती इन्व्हर्टरसाठी ८० टक्के एफिशियन्सी धरा, म्हणजे तुमच्या पंख्यांना २२५ वॉट द्यायला बॅटरीतून २८० च्या आसपास काढावे लागतात. ही गोष्ट निदान काही लोकांना माहीत असते.

दुसरी गोष्ट मोठी आहे आणि ती लेबलवर लिहिलेली असते पण कुणी वाचत नाही. १५० एएचच्या शेजारी बारीक अक्षरात सी२० असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, ही बॅटरी २० तासांत रिकामी केली तर १५० एएच देते, म्हणजे साडेसात अँपिअरच्या हळू वेगाने. साडेसात अँपिअर म्हणजे इन्व्हर्टरचा लॉस जाऊन साधारण ७० वॉटचा लोड, एक पंखा समजा. तुम्ही जास्त वेगाने ओढलं की लेड-ॲसिड बॅटरी कमी देते, कारण प्लेटच्या आतल्या भागापर्यंत ॲसिड पोचायला वेळ लागतो आणि तोपर्यंत वरच्या थराची ताकद संपून व्होल्टेज खाली येतं. ट्यूब्युलरच्या बाबतीत ढोबळ मानाने सांगायचं तर १० तासांत रिकामी केली तर १५० मधले १३० मिळतात, ५ तासांत केली तर १०८ च्या आसपास, आणि ३ तासांत केली तर ९० पेक्षा थोडेच जास्त. म्हणजे तीच बॅटरी, काहीही खराब नसताना, तीन तासांच्या वेगाने ओढली तर जवळजवळ ४० टक्के एएच वापरायलाच मिळत नाहीत. ते कुठे जात नाहीत, थोड्या वेळाने बॅटरी विसावली की परत थोडी जान येते ती ह्याच्यामुळेच, पण इन्व्हर्टरने तोपर्यंत लो बॅटरी म्हणून कट केलेलं असतं.

हे सगळं धरून मी नव्या, पूर्ण भरलेल्या १५० एएच बॅटरीसाठी जे आकडे काढलेत ते असे येतात. १०० वॉट लोडवर १३ तासांच्या आसपास. २०० वॉटवर ५ तास. ३०० वर ३ तास. आणि ४०० वर फक्त २ तास. बघा, लोड दुप्पट झाला की वेळ निम्म्याहून कमी होतो, २०० ला ५ तर ४०० ला अडीच नाही, दोनच. म्हणूनच "एक पंखा अजून लावला तर काय फरक पडतो" असं जे आपण म्हणतो तो फरक वाटतो त्यापेक्षा जास्त पडतो. आणि हे आकडे २७ डिग्रीच्या आसपासचे, बॅटरी दोन-तीन वर्ष जुनी झाली की ह्यातून अजून वजा करायचं.

आता माझा लोड किती ते मोजलं. तुमच्याकडे प्लगमधला वॉटमीटर असेल तर उत्तमच, नसेल तर घराच्या वीज मीटरवरच मोजता येतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, माझ्याकडे ३२०० आहे. लाईट असताना इन्व्हर्टर बायपासवर टाकला म्हणजे चार्जिंगचा करंट त्यात मिसळणार नाही, फ्रीज आणि बाकी सगळं बंद केलं, आणि फक्त इन्व्हर्टरवरचा लोड चालू ठेवला. ३० सेकंदांत १० वेळा लुकलुकला. १० भागिले ३२०० म्हणजे ०.००३१२५ युनिट, म्हणजेच ३.१२५ वॉट-अवर, ते ३० सेकंदांत, तासाचं करायला १२० ने गुणलं तर ३७५ वॉट. मी मनात अडीचशे धरून बसले होते! टीव्हीच ८० वॉटचा निघाला, तो मी धरलाच नव्हता.

३७५ वॉटला ८० टक्क्यांचा हिशोब लावला की बॅटरीतून ४७० वॉट, म्हणजे ४० अँपिअर. एवढ्या वेगाला माझ्या बॅटरीने सव्वादोन तास, फार तर अडीच तास द्यायला पाहिजेत. म्हणजे लिस्टिंगमधले ८ तास माझ्या घरात कधीच मिळणार नव्हते, तो प्रश्न तिथेच संपला. पण मला अडीच पण मिळत नव्हते, १ तास २० मिनिटं मिळत होती. हा जो मधला फरक आहे तो खरा फॉल्ट. तुम्ही पण आधी एवढं करा, आपल्या लोडला किती मिळायला पाहिजे तो आकडा काढा आणि मग त्याच्याशी तुलना करा, ८ तासांशी तुलना करून दुकानदाराकडे गेलात तर तो तुम्हाला लोड जास्त आहे म्हणून परत पाठवणार आणि त्याचं अर्धं बरोबर असणार.

आता खऱ्या फॉल्टचा शोध. अपेक्षेपेक्षा निम्मंच मिळत असेल तर तीन शक्यता असतात: बॅटरी पूर्ण भरत नाहीये, एखादा सेल खराब आहे, किंवा केबल आणि टर्मिनलमध्ये व्होल्टेज वाया जातंय. तिन्ही घरी तपासता येतात, एक साधा मल्टीमीटर आणि एक हायड्रोमीटर लागतो. हायड्रोमीटर म्हणजे ती काचेची पिचकारी जिच्यात तरंगणारी नळी असते, ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे ते किती दाट आहे ते बघायला. ॲसिडशी खेळ आहे, त्यामुळे चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, बोटातली अंगठी काढा, आणि चार्जिंग चालू असताना बॅटरीजवळ ठिणगी किंवा ज्योत अजिबात नको, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

टर्मिनलपासून सुरुवात केली कारण ते सोपं. लाईट गेल्यावर पूर्ण लोड चालू ठेवला आणि दहा मिनिटांनी मल्टीमीटरने बॅटरीच्या शिशाच्या खांबावर व्होल्टेज बघितलं, मग इन्व्हर्टरच्या बाजूला जिथे केबल येते तिथे बघितलं. दोन्हीत पाव व्होल्टपेक्षा कमी फरक होता, म्हणजे ठीक. तुमच्याकडे अर्धा व्होल्ट किंवा जास्त फरक आला तर केबल बारीक आहे किंवा केबलच्या टोकाचा लग ढिला आहे, आणि तिथे हात लावला तर गरम पण लागेल. इन्व्हर्टर त्याच्याकडे पोचणारं व्होल्टेज बघून कट करतो, बॅटरीत काय शिल्लक आहे ते त्याला कळत नाही, त्यामुळे नुसता नट घट्ट करून अर्धा तास बॅकअप परत आलेली घरं मी बघितली आहेत.

मग ग्रॅव्हिटी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पाणी घातल्यावर लगेच मोजायची नाही, कारण नवीन पाणी वर तरंगतं आणि रीडिंग खोटं कमी येतं. पाणी घालून एक पूर्ण चार्ज होऊ द्या आणि मग मोजा. माझ्या बॅटरीच्या लेबलवर फुल चार्जची ग्रॅव्हिटी १.२४० दिली होती, तुमच्या लेबलवर जे असेल ते धरा, गाडीच्या बॅटरीचा १.२८० चा आकडा इथे लावू नका. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागलेला, डिस्प्लेवर फुल चार्ज, आणि सहा सेलची रीडिंग आली १.२००, १.१९५, १.२००, १.२००, १.१९५, १.२००.

हे सहा आकडे बघितले आणि मला पहिल्यांदा हायसं वाटलं, कारण सगळे सारखे होते. सगळे सेल सारखेच कमी म्हणजे बॅटरीत दोष नाही, ती उपाशी आहे, तिला पुरेसं चार्जिंगच मिळत नाहीये. जर पाच सेल १.२४० आणि एक १.१६० असता तर तो सेल खराब, मग गोष्ट वेगळी, ती खाली सांगते.

चार्जिंग का पुरत नव्हतं? चार्जिंग चालू असताना टर्मिनलवर मल्टीमीटर लावून ठेवला आणि दर तासाने बघितलं. व्होल्टेज १३.७ वर जाऊन थांबायचं आणि पुढे सरकायचंच नाही. ट्यूब्युलरला चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात १४.४ च्या आसपास जायला लागतं, तिथे सेलमध्ये बुडबुडे येतात आणि त्या बुडबुड्यांनी ॲसिड ढवळलं जातं. उंच बॅटरीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण ढवळलं नाही तर जड ॲसिड तळाशी बसतं आणि वर पातळ राहतं, प्लेटचा वरचा भाग काम करत नाही आणि खालचा भाग लवकर खराब होतो. सीलबंद बॅटरीला मात्र एवढं व्होल्टेज द्यायचं नसतं, ती सुकते.

आणि तिथेच उत्तर होतं. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक छोटा स्विच असतो, बॅटरी कुठल्या प्रकारची ते निवडायचा, ट्यूब्युलर, फ्लॅट प्लेट आणि सीलबंद. जुनी बॅटरी सीलबंद होती म्हणून तो स्विच सीलबंदवर होता आणि नवीन बॅटरी जोडायला आलेल्या दादांनी वायरी जोडल्या, दिवा लागला, निघून गेले, मागे कुणी बघितलंच नाही. शिवाय आमच्याकडे त्या महिन्यात दिवसातून दोनदा लाईट जात होती, म्हणजे हळू चार्जिंगला जो वेळ लागला असता तो पण मिळत नव्हता, रोज थोडी थोडी उधारी वाढत गेली आणि चौथ्या आठवड्यापर्यंत १ तास २० मिनिटांवर आलं. काही इन्व्हर्टरवर त्याच्याच शेजारी चार्जिंग करंटचा पण स्विच असतो. १५० एएचला १५ अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या १० टक्के, हे साधारण माप आहे. एवढ्या करंटने पण पूर्ण रिकाम्या बॅटरीला भरायला १० ते १२ तास लागतात, कारण घातलेलं सगळं आत राहत नाही आणि शेवटी करंट कमी होत जातो. तुमच्याकडे रोज लाईट जात असेल आणि मध्ये फक्त चार-पाच तास मिळत असतील तर स्विच बरोबर असूनही बॅटरी कधीच भरणार नाही, तिथे लोड कमी करणं हाच उपाय आहे, अजून मोठी बॅटरी घेऊन काही होत नाही, ती पण उपाशीच राहते.

मी इन्व्हर्टर बंद करून, मेन काढून, स्विच ट्यूब्युलरवर केला. मॅन्युअलमध्ये तसंच करायला सांगितलंय, चालू असताना फिरवू नका. मग दीड दिवस लोड न टाकता चार्जला ठेवली. पहिल्या रात्री १४.३ दिसलं, सकाळी सेलमधून बुडबुड्यांचा बारीक आवाज येत होता. ग्रॅव्हिटी सगळीकडे १.२३५ ते १.२४०. मग मुद्दाम तोच ३७५ वॉटचा लोड ठेवून मेन बंद केला आणि घड्याळ लावलं. २ तास २० मिनिटं. गणिताने जे सांगितलं होतं तेच. वेळेत पकडलं म्हणून परत आली, असंच सहा-आठ महिने अर्धवट चार्जवर राहिली असती तर प्लेटवर सल्फेट कडक झालं असतं आणि ते मग नुसत्या चार्जिंगने जात नाही.

आता मी टीव्ही इन्व्हर्टरवरून काढून टाकलाय आणि लाईट गेली की तिसरा पंखा लावत नाही. दोन पंखे, तीन बल्ब, राउटर, म्हणजे १९० वॉट, त्यावर पाच तास आरामात मिळतात. दोन्ही पंखे बीएलडीसी केले तर ते ३० वॉटवर येतात, एकूण १०० वॉट, आणि मग तीच बॅटरी रात्रभर पुरते. बॅकअप वाढवायचा असेल तर माझ्या मते आधी पंखे बदला आणि मग बॅटरीचा विचार करा. फ्रीज मात्र ह्यात घालू नका, चालू होताना त्याचा कॉम्प्रेसर क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो आणि ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ओव्हरलोडवर जातो.

खराब सेलचं खाली सांगते म्हटलं होतं, ते आणि त्याबरोबर वॉरंटीचं आता सांगते. आमच्या शेजारच्या काकांची बॅटरी, साडेतीन वर्षांची, अचानक अर्ध्या तासावर आली. त्यांच्याकडे हायड्रोमीटर घेऊन गेले तर पाच सेल १.२३५ आणि टर्मिनलपासून तिसरा सेल १.१६०. त्याच सेलमध्ये पाणी पण बाकीच्यांपेक्षा लवकर कमी व्हायचं, चार्जिंगला असताना तिथला भाग हाताला गरम लागायचा. पूर्ण चार्जनंतर एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० किंवा जास्त खाली असेल आणि परत चार्ज करूनही वर येत नसेल तर तो सेल गेला असं समजायचं, त्यावर घरगुती इलाज नाही, कुणी वरून ॲसिड घालून देतो म्हणालं तर घालू देऊ नका. ॲसिडने ग्रॅव्हिटीचा आकडा तेवढा वाढतो, प्लेट बऱ्या होत नाहीत, आणि वॉरंटी मात्र तिथल्या तिथे संपते.

काकांची लिस्टिंग पण ६० महिन्यांची होती. पण कार्डावर ते ३६ अधिक २४ असं लिहिलेलं. पहिले ३६ महिने फुकट बदलून, पुढचे २४ महिने प्रो-रेटा, म्हणजे नवीन बॅटरी विकत घ्यायची आणि किती महिने झालेत त्यानुसार सूट मिळते. त्यांचा ४१वा महिना होता. आणि ही सूट छापील एमआरपीवर मोजली जाते, जी बाजारभावापेक्षा जास्त असते, म्हणून सूट ऐकायला मोठी वाटते पण बाजारातल्या किमतीशी तुलना केली की प्रत्यक्ष फायदा कमी निघतो. काकांना राग आला होता, आणि मला तो पटतो, लिस्टिंगमध्ये ६० लिहायचं तर ३६ आणि २४ हे दोन्ही आकडे तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजेत. अजून एक, वॉरंटीत बदलून मिळालेल्या बॅटरीला नवीन ३६ महिने मिळत नाहीत, पहिल्या बॅटरीचे जेवढे उरलेत तेवढेच.

क्लेमला जाताना बिल, तारीख आणि शिक्का असलेलं कार्ड, आणि बॅटरीवरचा सिरीयल नंबर वाचता येईल असा, एवढं लागतं. ते लोक बॅटरी ठेवून घेतात, पूर्ण चार्ज करतात, सहा सेलची ग्रॅव्हिटी घेतात आणि लोड टेस्ट करतात. सगळे सेल सारखे आले तर दोष मान्य होत नाही, मग ती तुमच्या घरी कितीही कमी चालत असो. आणि झाकण उघडल्यावर प्लेट कोरड्या दिसल्या तर क्लेम तिथेच संपतो. म्हणून मी सांगते की जाण्याआधी स्वतः सहा रीडिंग घ्या आणि फोटो काढून ठेवा, बोलायला आधार राहतो.

घेतानाच करायची एक गोष्ट पण ह्यातच सांगते. बॅटरी घरी आली की जोडायच्या आधी मल्टीमीटर लावा. १२.५ च्या आसपास किंवा वर असेल तर छान. १२.४ च्या खाली असेल तर ती गोदामात बरेच महिने पडून असू शकते, लेबलवरची उत्पादनाची तारीख बघा, आणि वजन ५० किलोच्या वर असतं त्यामुळे परत करायची तर माणूस दारात असतानाच बोला.

"कमी मेंटेनन्स" ह्या शब्दाचा अर्थ पाणी घालायचंच नाही असा लोक घेतात, तसं नाहीये. ट्यूब्युलरला पाणी लागतंच, फक्त कमी वेळा. दर दोन महिन्यांनी सहाही सेलवरचे पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट बघायचे, लाल पट्टी दिसायला लागली की हिरव्याच्या वरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, चार्ज पूर्ण झाल्यावर, आधी नाही, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते आणि मग झाकणातून ॲसिड बाहेर येतं. प्लेट उघड्या पडल्या असतील तर मात्र चार्जच्या आधी त्या बुडतील एवढं घाला आणि बाकीचं नंतर. नळाचं पाणी नको, आरओचं नको, आणि एसीतून ठिबकणारं पाणी पण नको, ते दिसायला स्वच्छ असतं पण कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश घेऊन येतं. पाणी महिन्याभरातच खूप कमी होत असेल तर तो वेगळा फॉल्ट आहे, चार्जर जास्त व्होल्टेज देतोय, १४.४ वर जाऊन तिथेच रात्रंदिवस अडकलाय का बघा, बॅटरी भरल्यावर ते १३.५ ते १३.८ पर्यंत खाली यायला पाहिजे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर आली तर इन्व्हर्टर बंद करा, निगेटिव्ह आधी काढा, कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने साफ करा, सोड्याचं पाणी सेलमध्ये जाता कामा नये म्हणून झाकणं घट्ट असू द्या, पुसून कोरडं करा, जोडून घट्ट करा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग लग बसवला तर तिथे संपर्क नीट होत नाही.

महिना-दोन महिने घर बंद राहणार असेल तर पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर काढून जा, अर्धी रिकामी तशीच ठेवून गेलात तर परत येईपर्यंत सल्फेट बसलेलं असतं.

माझ्या बॅटरीच्या अंगावर मी एक कागदी टेप चिकटवलीय, त्यावर पेनाने तारीख, सहा सेलची ग्रॅव्हिटी, पाणी घातलं की नाही, आणि ३७५ वॉटवर किती मिनिटं चालली, एवढं लिहिते, वर्षातून तीन-चार वेळा. सध्याची शेवटची ओळ २ तास १५ मिनिटं अशी आहे. तुमच्याकडे बॅकअप कमी येत असेल तर विचारताना हेच सांगा, लोड किती वॉट, सहा रीडिंग काय, चार्जिंगला व्होल्टेज कुठपर्यंत जातं, आणि मागचा स्विच कुठे आहे, मग उत्तर देता येतं.